बिनताऱ्यांचं आकाश आणि नेफ्यातली नळी

माझा मुलगा ओंकार नववीत आहे. डिसेंबरातल्या एका रविवारी जेवताना त्यानं सांगून टाकलं की माणूस चंद्रावर गेलाच नाही. मित्राच्या फोनवर दोघांनी तासाभराचा व्हिडिओ पाहिला होता. मी लगेच बोललो आणि चुकीचं बोललो. "सगळ्या जगाला माहीत असलेली गोष्ट आहे, उगाच काहीतरी बघत बसू नकोस." तो गप्प झाला. रात्री ओटा पुसताना त्याची आई म्हणाली, "त्यानं प्रश्न विचारला होता. तू उत्तर दिलंस का?" दिलं नव्हतं.

आम्ही कोथरूडला राहतो आणि मी पंचवीस वर्षं लग्नाचे फोटो काढतो, त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं रोलवर. म्हणजे त्याच्या शंकांमधली निदान एक तरी थेट माझ्या कामातली होती. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, "तुझ्या शंका कागदावर लिहून दे, मीही लिहूनच उत्तर देतो." समोरासमोर बोलताना माझा आवाज चढतो, लिहिताना चढत नाही. त्यानं वहीचं पान फाडून दिलं. त्यावर असं होतं:

"1. चंद्रावर हवा नाही म्हणून आकाश काळं दिसतं. मग तारे आपल्यापेक्षा जास्त स्वच्छ दिसायला पाहिजेत. फोटोंत एकही तारा नाही. म्हणजे स्टुडिओत तारे लावायला विसरले.
2. हवा नाही तर झेंडा फडकतो कसा?"

शंका मुलाच्या असल्या तरी विचार आळशी नव्हता. पहिल्या शंकेतलं पहिलं वाक्य तर पूर्ण बरोबर आहे. गडबड दुसऱ्या वाक्याशी सुरू होते, आणि ती नेमकी कुठं होते हे त्याला स्वतःला दिसावं अशा बेतानं मी पत्र लिहायला घेतलं. तीन रात्री लागल्या. पत्राचा मुख्य भाग असा:

"चि. ओंकार, अनेक आशीर्वाद.

गेल्या मे महिन्यात सिंहगड रोडच्या लॉनवरचं लग्न आठवतंय? तू माझ्याबरोबर लाइट धरायला आला होतास. त्या रात्रीचे सव्वाशे फोटो मी परत काढून पाहिले. नवरानवरी, मांडव, हिरवळ, सगळं झगझगीत, आणि मागचं आकाश काळं कुळकुळीत. एकाही फोटोत तारा नाही. तारे होते. घरी येताना स्कूटरवर मागे बसून तूच मला गुरू दाखवलास. माझ्या कॅमेऱ्याला मात्र ते दिसले नाहीत, कारण मी तो शालूसाठी लावला होता, ताऱ्यांसाठी नाही.

चंद्रावरच्या फोटोंचं हेच आहे. तू 'काळं आकाश' वाचलंस आणि मनात 'रात्र' असं धरलंस. आपल्याकडे ते दोन्ही एकत्रच येतात, कारण दिवसा आपली हवा सूर्याचा उजेड पसरवते आणि आकाश निळं करते. तिथं हवा नाही, म्हणून भर दिवसाही आकाश काळंच. अपोलो 11 उतरलं तेव्हा तिथं सकाळ होती. सूर्य क्षितिजापासून साधारण अकरा अंश वर होता. ती वेळ मुद्दाम निवडली होती, कारण सावल्या लांब पडल्या की खड्डे आणि दगड ओळखू येतात. म्हणजे जमिनीवर ऊन, पांढऱ्या पोशाखावर ऊन, यानाच्या सोनेरी वेष्टनावर ऊन. फोटो काढणारा उन्हात उभा राहून उन्हातल्याच गोष्टींचा फोटो काढत होता.

त्यांच्याकडे हॅसलब्लाड कॅमेरा होता, 70 मिलिमीटरची फिल्म आणि झाइसची 60 मिलिमीटरची लेन्स. शटर सेकंदाच्या 250 व्या भागापुरतं उघडायचं, आणि लेन्सचं भोक, ज्याला आम्ही अॅपर्चर म्हणतो, उन्हाच्या दिशेप्रमाणे एफ 5.6 ते एफ 11 च्या दरम्यान ठेवायचं. भर उन्हात संक्रांतीच्या पतंगांचे फोटो मी जवळपास अशाच सेटिंगवर काढतो. एवढ्या क्षणात ताऱ्याचा उजेड फिल्मवर ठसा उमटवण्याइतका पोचतच नाही. तो उमटवायचा तर शटर काही सेकंद उघडं ठेवावं लागेल, आणि मग जमीन, माणूस, झेंडा, सगळं धुतलेल्या चादरीसारखं पांढरंफटक होईल. एका फोटोत दोन्ही मिळत नाहीत. निवड करावी लागते, आणि त्यांनी माणूस निवडला.

व्हिडिओत म्हणे आर्मस्ट्राँगनं स्वतःच तारे दिसले नाहीत असं सांगितलं. सांगितलं, हे खरं आहे. ऑगस्ट 1969 च्या पत्रकार परिषदेत तो म्हणाला की चंद्रावरून, किंवा चंद्राच्या उजेडाच्या बाजूला असताना, दुर्बिणीशिवाय नुसत्या डोळ्यांना तारे दिसले नाहीत. डोळ्याला शटर नसलं तरी तोही समोरच्या उजेडाप्रमाणे जुळवून घेतो. उन्हाळ्यात दुपारी बाहेरून एकदम जिन्यात आलास की पायऱ्या दिसत नाहीत, ते त्यामुळेच. यानात मात्र ताऱ्यांचा वेध घ्यायची दुर्बीण होती आणि यानाची दिशा तिनंच पक्की करायची होती. आणि तारे तिथून टिपलेच नाहीत असंही नाही. एप्रिल 1972 मध्ये अपोलो 16 वाल्यांनी जॉर्ज कॅरुथर्स यांनी बनवलेला खास अतिनील कॅमेरा यानाच्या सावलीत मांडला. त्यात तारे आले, शेजारची एक दीर्घिकाही आली. तो कॅमेरा त्यासाठीच नेला होता.

आपल्या प्रज्ञाननं ऑगस्ट 2023 मध्ये काढलेला विक्रमचा फोटो तू शाळेत फळ्यावर चिकटवला होतास. त्यातलं आकाश परत बघ."

इथं पत्रातला पहिला भाग संपतो. पण नुसतं वाचून त्याचं समाधान होईल असं मला वाटत नव्हतं, म्हणून पत्रात मी दोन रात्रींचं आमंत्रण जोडलं होतं. एक अमावास्येच्या आसपासची, एक पौर्णिमेची.

पहिल्या रात्री आम्ही तोंडघशी पडलो. गच्चीवर मृग नक्षत्र चांगलं वर आलं होतं. मी त्याला म्हटलं, "आधी नेहमीसारखा फोटो काढ, तारे येणार नाहीत." त्यानं आपला फोन धरला, बटण दाबलं, आणि मृगाच्या पट्ट्यातले तिन्ही तारे स्पष्ट उमटले. खाली व्याधसुद्धा. "बाबा, तू तर म्हणालास येणार नाहीत." मला क्षणभर काही सुचेना. मग त्याला विचारलं, "बटण दाबल्यावर फोन तुला काय म्हणाला?" फोननं त्याला हलू नकोस असं सांगितलं होतं आणि दोन-तीन सेकंद थांबवलं होतं. अंधार ओळखून त्यानं आपणहून शटर लांबवलं होतं आणि अनेक फोटो एकावर एक रचले होते. हा प्रयोग कुणी करणार असेल तर ही खोच लक्षात ठेवावी. ऑटोवर फोन तुमच्या वतीनं निवड करतो आणि तुम्हाला कळतही नाही. झालेल्या फोटोची माहिती उघडली की शटरचा आकडा दिसतो, तो पाहावा.

मग आम्ही फोन प्रो मोडवर टाकला आणि कुंडीला टेकवून ठेवला. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, 100 आणि शटर 1/250. फोटो पूर्ण काळा. शेजारच्या इमारतीच्या जिन्यातला दिवा तेवढा ठिपक्यासारखा आला, व्याधही नाही. नंतर आयएसओ 800 आणि शटर 8 सेकंद. आता आकाश शहराच्या दिव्यांनी तांबूस झालं, पण मृग पूर्ण, आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बारीक तारेही. आणि जिन्यातला दिवा? त्याच्या जागी एक मोठा पांढरा डाग, खिडकीची चौकटही त्यात बुडाली. ओंकारनं तिथंच गणित मांडलं. वेळ 2000 पट, आयएसओ 8 पट, मिळून 16,000 पट. फोनच्या लेन्सचं भोक बदलत नाही, त्यामुळे ही तुलना सरळ होती. तो बराच वेळ दोन फोटो आलटून पालटून बघत होता. दिव्याचा डाग मोठा करून म्हणाला, "म्हणजे हा अंतराळवीर."

पौर्णिमेचा प्रयोग माझ्या मते सगळ्यांत मोलाचा, आणि तो फारसा कुणी करत नाही. उन्हातली पांढरी भिंत तुम्ही रस्त्याच्या पलीकडून टिपा किंवा वेताळ टेकडीवरून टिपा, एक्स्पोजर तेच लागतं. लांबून भिंत लहान दिसते, पण अंधुक होत नाही. तिच्याकडून येणारा उजेड अंतराबरोबर घटतो, पण ती फोटोत जागाही त्याच हिशेबानं कमी व्यापते. चंद्रही तसाच आहे. आपल्याला दिसणारा पूर्ण चंद्र म्हणजे उन्हात पडलेली चंद्राची जमीनच, फक्त सुमारे 3 लाख 84 हजार किलोमीटरवरून पाहिलेली. मग आपल्या गच्चीवरून ती जमीन नीट येण्यासाठी जे सेटिंग लागतं तेच तिथं उभं राहूनही जवळजवळ लागायला हवं. आपल्या हवेत थोडा उजेड गळतो, आणि पौर्णिमेला ऊन समोरून पडत असल्यानं जमीन नेहमीपेक्षा उजळ दिसते. त्यामुळे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, आसपास मात्र नक्की यावेत.

मी 300 मिलिमीटरची लेन्स तिपाईवर लावली. कॅमेरा ओंकारच्या हातात दिला आणि सांगितलं, चंद्रावरचे काळे डाग आणि खालचा चमकणारा खड्डा नीट दिसेपर्यंत तूच आकडे फिरव. मी आकडे सांगितले नाहीत. पंधरा-वीस मिनिटांनी तो थांबला तेव्हा मागच्या पडद्यावर आयएसओ 200, एफ 11, 1/250 होतं. त्यानं पत्र खिशातून काढलं, मोबाइलच्या उजेडात तो परिच्छेद शोधला आणि मला काही न बोलता बोटानं आकडा दाखवला. त्या फोटोत चंद्राभोवती एकही तारा नव्हता. मग आम्ही शटर 2 सेकंद केलं आणि भोक उघडलं. चंद्र टॉर्चसारखा फुटला, डाग-खड्डे सगळे नाहीसे झाले, आणि कोपऱ्यात दोन तारे बारीक रेघेसारखे आले. पृथ्वी फिरते म्हणून त्यांची रेघ झाली होती.

आता झेंडा. इथं माझ्या मते मुळात शब्दच आपल्याला फसवतो. फोटो स्थिर असतो. फोटोत झेंडा फडकत नाही, त्यावर फक्त चुण्या दिसतात. चुण्या पाहून 'फडकतोय' हे आपण मनानं जोडतो, कारण आपण झेंडा नेहमी वाऱ्यात पाहिलेला असतो. पत्रात मी लिहिलं होतं:

"15 ऑगस्टला तुमच्या शाळेत पावसानं भिजलेला झेंडा काठीला चिकटून लोंबत होता, आठवतं? वारा नसला की झेंडा असा मान टाकतो. चंद्रावर वारा कधीच नाही, म्हणजे साधा झेंडा तिथं कायम लोंबतच राहिला असता आणि कुठल्या देशाचा ते कळलंही नसतं. हे त्यांना आधीच ठाऊक होतं. जॅक किंझलर नावाच्या नासातल्या माणसानं त्यावर उपाय काढला. लहानपणी आई पडदे लावायची ते त्याला आठवलं. झेंड्याच्या वरच्या काठाला नेफा शिवला आणि त्यात आडवी नळी सरकवली. झेंडा नायलॉनचा, तीन फूट बाय पाच फूट. नळी दुर्बिणीसारखी एकात एक सरकणारी होती. उभी काठी, आडवी नळी आणि घडी घातलेलं कापड, सगळं एकत्र बांधून यानाच्या शिडीला बाहेरून लावलं होतं.

तिथं पोचल्यावर आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिनला ती नळी पूर्ण ओढता आली नाही. कापड पाच फूट आणि नळी त्याहून आखूड. आपल्या खिडकीच्या पडद्याला चुण्या का पडतात? दांडीपेक्षा कापड जास्त असतं म्हणून. शिवाय कापड कित्येक दिवस घडी करून ठेवलेलं. त्या घड्या ताणून काढायला तिथं वारा नाही आणि वजनही इथल्या सहाव्या हिश्श्याएवढं.

नासाच्या फोटोंत AS11-40-5874 आणि AS11-40-5875 असे दोन लागोपाठचे फोटो आहेत. दोन्ही आर्मस्ट्राँगनं काढलेले. पहिल्यात ऑल्ड्रिन सलाम करतोय, हेल्मेटपाशी उजव्या हाताची बोटं दिसतात. दुसऱ्यात हात खाली आलाय आणि तो थोडा वळलाय. दोन्ही फोटो दोन खिडक्यांत उघड, एकावरून दुसऱ्यावर जा, आणि माणसाकडे न बघता झेंड्याकडे बघ."

त्यानं बघितलं. माणूस हलतो, चुणी हलत नाही. एकूण एक चूण जागच्या जागी. वाऱ्यात धरलेला झेंडा दोन क्षणांत एकसारखा दिसूच शकत नाही. माझ्या लग्नांच्या फोटोंत फेट्याचा शेमलासुद्धा दोन फोटोंत एका जागी सापडत नाही.

आजीनं नमुना करून द्यायचं मनावर घेतलं. पंधरा इंच बाय नऊ इंच कापड, वर नेफा, त्यात विणकामाची सुई तेरा इंचांवर कापलेली, आणि कापडाची दोन्ही टोकं सुईच्या दोन टोकांना टाचलेली. पहिला नमुना जुन्या सुती साडीचा केला. तो फसला. मलमल इतकी मऊ की चुण्या वर पडायच्या आणि खाली कापड सरळ लोंबायचं. आजीच म्हणाली, "त्यांचं नायलॉन होतं ना? मग छत्रीचं कापड घे." मोडक्या छत्रीचा तुकडा चार दिवस घडी करून शब्दकोशाखाली ठेवला, मग नेफा शिवला. दारं-खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, नमुना टेबलावर उभा केला. चुण्या वरपासून खालपर्यंत उतरल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. त्याचा फोटो ओंकारनं व्हिडिओवाल्या मित्राला पाठवून विचारलं, वारा कुठल्या बाजूनं आहे? मित्रानं उत्तर दिलं, "डावीकडून."

चित्रफितींत मात्र झेंडा खरोखर हलतो, आणि हे ओंकारनं लगेच बोलून दाखवलं. तो हलतो तेव्हा कुणीतरी काठी पिरगाळत असतं, जमिनीत रोवत असतं. जमीन वरून भुसभुशीत पण काही इंचांखाली घट्ट, काठी आत जाईना, म्हणून खूप वेळ ती फिरवावी लागली. खरा प्रश्न तो हलला का हा नाही, तर तो थांबला कसा हा आहे. आम्ही दाराच्या चौकटीला एका दोरीनं कुलूप टांगलं आणि तेवढ्याच दोरीनं रुमाल. दोन्ही सारखेच मागे ओढून सोडले. रुमाल चार झोक्यांत मेला. कुलूप आम्ही मोजता मोजता कंटाळलो तरी झुलत होतं. कापडाला हवाच थांबवते, कारण त्याचा पसारा मोठा आणि वजन नगण्य. हवा काढून घेतली तर कापडालाही थांबवणारं फारसं काही उरत नाही. आणि वजन सहावा हिस्सा असल्यानं लोंबत्या वस्तूचा प्रत्येक झोका तिथं साधारण अडीचपट सावकाश होतो. निर्वात जागा आम्ही घरी आणू शकलो नाही, तेव्हा हा प्रयोग अर्धाच आहे. तो हवेचं काम दाखवतो, हवा नसतानाचं दृश्य दाखवत नाही. तेवढं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

आठवड्यानं त्यानं माझ्या पत्राला उत्तर लिहिलं. त्यातलं एक वाक्य मी वहीत उतरवून ठेवलंय: "तारे नसणं आणि चुण्या असणं यावरून फोटो खोटे ठरत नाहीत हे मला पटलं, पण त्यावरून ते खरेही ठरत नाहीत, कारण असे फोटो स्टुडिओतही निघतील." हे शंभर टक्के बरोबर आहे. एका आरोपाचं उत्तर दिलं म्हणजे उलट बाजू सिद्ध होत नाही. त्यासाठी वेगळा पुरावा लागतो, आणि मी त्याला झेंड्याचाच एक पुरावा दिला.

1969 मध्ये यान परत उडालं तेव्हा इंजिनाच्या झोतानं झेंडा आडवा पडताना पाहिल्याचं ऑल्ड्रिननं सांगितलं होतं. चंद्रावर त्या झेंड्याला लागलेला तो एकमेव वारा. नंतरच्या मोहिमांनी झेंडे यानापासून लांब रोवले. पुढं नासाचं लूनर रीकॉनसन्स ऑर्बिटर हे यान चंद्राभोवती फिरू लागलं. एकाच जागेचे सकाळ-दुपार-संध्याकाळचे फोटो लावून पाहिले, तेव्हा अपोलो 12, 16 आणि 17 च्या जागी झेंड्याची सावली सूर्याबरोबर फिरताना दिसली. 2012 मध्ये हे जाहीर झालं. अपोलो 11 च्या जागी उभ्या झेंड्याची सावली नाही. माणसानं 1969 मध्ये जे सांगितलं तेच त्रेचाळीस वर्षांनी वरून दिसलं. ओंकारनं ते सगळे फोटो शोधून काढले आणि सावल्या फूटपट्टीनं मोजल्या.

त्याच्या पत्राच्या मागच्या बाजूला तिसरी शंका आहे: 5875 मध्ये सावल्या समांतर का वाटत नाहीत, दोन दिवे होते का? त्याचं उत्तर मी लिहिलेलं नाही. येत्या रविवारी आम्ही दोघं वेताळ टेकडीवर जाणार आहोत, सूर्य उगवल्यावर जवळपास तासाभरानं. तेव्हा तो इथंही अकरा अंशांच्या आसपास असतो. चार सारख्या काठ्या बरोबर घेतल्यात, दोन सपाटीवर रोवायच्या आणि दोन उतारावर.